धक्का संपल्यानंतरचा कालखंड

सांगवीत मला ‘अर्थशास्त्राच्या मॅडम’ म्हणतात. त्यामुळे अर्थसंकल्पाच्या दिवशी हमखास कुणीतरी वाटेत अडवून विचारतं, काय स्वस्त झालं? मी सांगते, मला माहीत नाही. समोरच्याचा चेहरा पडतो. इतकी वर्षं शिकवते आणि हिला एवढंही ठाऊक नाही, असं त्याला वाटत असणार. वाटू दे. मी एम.ए.च्या मुलांना स्थूल अर्थशास्त्र शिकवत होते, बाजारभाव नाही.

शिकवत होते ते तासिका तत्त्वावर. म्हणजे वर्गात उभं राहाल तेवढंच तुमचं. सुट्टी लागली की तुम्ही कुणाचेच नाही. आठवड्यातले काही दिवस बारामतीला आणि दोन दिवस इंदापूरला. बारामतीत पदवीच्या मुलांचे तास असायचे. मुलं गोड, पण निम्मी पोलीस भरतीच्या तयारीतली, पहाटे धावून आलेली, त्यामुळे माझ्या तासाला शांत झोपायची. इंदापूरला मात्र एम.ए.चा वर्ग होता. मोजकीच मुलं, लांबून एसटीने येणारी, प्रश्न विचारणारी. त्या दोन दिवसांसाठी मी जंक्शन, लासुर्णे अशी गावं करत उभ्याने जायचे आणि मला कधी दगदग वाटली नाही. खरं सांगायचं तर तेवढे दोन दिवसच मी स्वतःला शिक्षक समजायचे.

त्या वर्गातला माझा आवडता भाग म्हणजे समग्र मागणी आणि समग्र पुरवठ्याचं गतिमान प्रारूप. नाव ऐकून मुलं धास्तावायची. मी म्हणायचे, घाबरू नका, ही एका धक्क्याची गोष्ट आहे, आणि गोष्टीसारखीच ऐकायची. फळ्यावर आडव्या अक्षावर उत्पादन, उभ्या अक्षावर महागाईचा दर. मध्ये एक उभी रेघ, तिचं नाव नैसर्गिक उत्पादन: देशाची माणसं आणि यंत्रं नेहमीच्या वेगाने चालली तर जेवढं निघेल तेवढं. मागणीची रेषा उतरती, पुरवठ्याची चढती. सगळं शांत असतं तेव्हा दोघी त्या उभ्या रेघेवरच भेटतात आणि महागाई बँकेने ठरवलेल्या लक्ष्याइतकी असते. मग धक्का येतो. समजा सरकारने पाच कालखंड भरपूर खर्च करायचा ठरवला, किंवा लोकांनाच एकाएकी खर्च करायचा हुरूप आला. मागणीची रेषा उजवीकडे सरकते. उत्पादन वाढतं, महागाईही थोडी वाढते.

इथपर्यंत कुणीही शिकवतो. माझी पद्धत पुढे सुरू व्हायची. माझ्याकडे लाकडाची एक लांब पट्टी होती. पहिल्या कालखंडात दोन रेषा जिथे भेटल्या, तिथे ती पट्टी आडवी धरायची आणि डावीकडे नैसर्गिक उत्पादनाच्या उभ्या रेघेपर्यंत न्यायची. पट्टी जिथे टेकेल तिथूनच पुढच्या कालखंडाची पुरवठ्याची रेषा जाते. कारण या प्रारूपातली माणसं साधी आहेत: काल जेवढी महागाई होती तेवढीच उद्या असेल असं धरून ती मजुरी मागतात, भाव ठरवतात. म्हणून दुसऱ्या कालखंडात पुरवठ्याची रेषा वर सरकते. महागाई आणखी वाढते, उत्पादन मात्र पहिल्यापेक्षा कमी होतं, तरी अजून नैसर्गिक पातळीच्या वरच असतं. पुन्हा पट्टी, पुन्हा नवी रेषा. प्रत्येक कालखंडाला वेगळ्या रंगाचा खडू. आणि जुनी रेषा पुसायची नाही, हा माझा सक्त नियम. फळा लहान पडला तरी चालेल. जी मुलं जुन्या रेषा पुसून टाकायची, ती हमखास एकच चूक करायची: सहाव्या कालखंडात, धक्का संपल्यावर, मागणीची रेषा मूळ जागी आणताना पुरवठ्याचीही रेषा मूळ जागी आणून ठेवायची. जणू काही झालंच नाही. त्यांचा फळा स्वच्छ असायचा ना, त्यामुळे कालची महागाई त्यांना दिसतच नसे.

मी त्या जागी थांबून म्हणायचे, ‘धक्का संपला म्हणजे त्रास संपला असं नाही.’ मागणी परत येते, पण पुरवठ्याची रेषा वरच अडकलेली असते. दोघी आता भेटतात त्या उभ्या रेघेच्या डावीकडे. उत्पादन पूर्वी होतं तिथे येत नाही, त्याच्याही खाली जातं. मग हळूहळू, कालखंडामागून कालखंड, महागाई उतरते आणि उत्पादन परत चढतं. मुलं फळ्यावरच्या रंगीत जाळ्याकडे बघत बसायची. कुणाच्या तरी डोळ्यांत एकदम उजेड पडायचा. त्यासाठीच मी एसटीत उभी राहायचे.

बँकेचं काय, हा प्रश्न यायचाच. बँकेकडे नियम असतो. महागाई लक्ष्याच्या वर गेली की व्याजदर चढवायचा, आणि नुसता चढवायचा नाही, महागाई जेवढी वाढली त्याहून जास्त चढवायचा. कमी चढवला तर महागाई वजा जाता खरं व्याज उलट उतरतं, लोक आणखी कर्ज काढतात, आणखी खर्च करतात आणि महागाई हाताबाहेर जाते. हे समजावायला मी आमच्या आबांचं उदाहरण वापरायचे. आबा म्हणजे माझे सासरे. तरुणपणी मेंढ्यांमागे हिंडलेले, आता थोडी शेती आणि चार शेळ्या. त्यांनी एकदा सहज सांगितलं होतं, कळप पळायला लागला की राखणाऱ्यानं कळपापेक्षा जास्त पळायचं असतं. बरोबरीनं पळून भागत नाही. म्होरं गेल्याशिवाय वळवता येत नाही. मी ते वर्गात सांगितलं तेव्हा सगळे हसले, पण मागच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. तिने मान डोलावली. ती मोरगावकडची. तिचे चुलते अजून पावसाळ्यानंतर मेंढरं घेऊन बाहेर पडायचे. तास संपल्यावर म्हणाली, ‘मॅडम, बँकेचा नियम मला आत्ता कळाला. आमच्यात लहान पोरालाबी ठाऊक असतंय हे.’

ती माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. हुशार मुलं पुष्कळ असतात. हिच्यात हट्ट होता. सहाव्या कालखंडाशी ती अडून बसली होती. उत्पादन खाली का जातं, हे तिला नुसतं आकृतीत नको होतं. मी सांगितलं, धक्का गेला तरी महागाई लक्ष्याच्या वर आहे, त्यामुळे नियमाप्रमाणे खरं व्याज अजून चढंच आहे. मागणीला टेकू उरला नाही आणि व्याजाचं ओझं मात्र तसंच. म्हणून खाली. ती म्हणाली, ‘म्हणजे बँकेला दिसतंय की लोकांची कामं जातायत, तरी ती व्याज लगेच मूळ जागी आणत नाही?’ मी म्हटलं, उत्पादन पडलं म्हणून थोडं उतरवते, पण महागाई पुरती उतरेपर्यंत मूळ जागी आणत नाही. पुढे तिने प्राध्यापकीसाठी लागणारी सेट परीक्षा काढली, बारामतीत तासिकेवर लागली. आम्ही दोघी कधी कधी एका स्टँडवर एका बाकावर बसून डबा खायचो. मी तिला अगं-तुगं करायचे, ती मला मॅडम म्हणायची.

आणि मग जाहिरात आली.

प्राध्यापक भरती किती वर्षं अडली होती हे आमच्यापैकी कुणीही झोपेतून उठून सांगेल. मी सांगत नाही, मला संताप येतो. इंदापूरच्या कॉलेजातले आमच्या विषयाचे सर निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी एक कायम पद भरायला मंजुरी मिळाली होती. एक पद. त्यांचेच एम.ए.चे तास मी घेत होते. सर जाता जाता म्हणाले होते, ‘मॅडम, हे पद निघालं तर ते तुमचंच समजा.’ त्यांच्या हातात काही नव्हतं, पण माणसाचं मन असं असतं की कुणी चांगलं बोललं की त्यालाच आदेश समजतं. मी अर्ज केला. माझी चाळिशी उलटून गेली होती. यानंतर असं पद निघेपर्यंत माझे केस पांढरे झाले असते आणि मुलाखतीतल्या लोकांनी मला खुर्ची दिली असती, नोकरी नाही. म्हणजे जे काय व्हायचं ते आत्ताच, हे मला स्वच्छ कळत होतं.

घरात हुरूप आला. नवरा इंदापूरजवळच्या लोणी देवकरला कारखान्यात, आठवडाभर तिकडेच खोली करून राहणारा. तो फोनवर म्हणाला, तुला इंदापूरला नोकरी लागली तर आपण तिथेच बिऱ्हाड करू, रोज एकत्र जेवू. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि रोज एकत्र जेवणं हे आमचं स्वप्न. मी हसले, पण त्या दिवसापासून मी स्वप्नातल्या स्वयंपाकघरात भांडी लावायला लागले.

मुलाखतीत आधी पाठ घेऊन दाखवावा लागतो. मी अंगणात आबांना पुढ्यात बसवून सराव करायचे. पुढे आबा, बाजूला शेळ्या, आणि मी भिंतीवर हातवारे करत महागाई वाढवतेय. आबा शेवटपर्यंत ऐकायचे. एकदा म्हणाले, ‘तुजी मानसं लईच भोळी हायत गं. मागल्या सालावानी फुडलं साल आसंल, असं कुनी धरतंय व्हय?’

‘पुस्तकातली माणसं तशी धरतात, आबा.’

‘मंग त्या पुस्तकातल्या मानसाला म्हनावं, मेंढरं राखायला यिऊ नगंस.’

मी म्हटलं, तुम्हीच समितीवर बसायला हवं होतं. ते खुशीत तंबाखू मळायला लागले.

मुलाखतीच्या दिवशी मी पट्टी आणि खडूची डबी पिशवीत घालून इंदापूरला गेले. आम्हा उमेदवारांना ज्या ओसरीत बसवलं होतं, तिथून मी एरवी वर्गात जायचे. शिपाई ओळखीचा, त्याने मला पाणी आधी आणून दिलं. तिथे माझी विद्यार्थिनीही बसलेली होती. तिने अर्ज केलाय हे मला माहीत होतं, आम्ही दोघी त्याबद्दल एकदाच बोललो होतो. ती म्हणाली होती, ‘मॅडम, मी आपली अनुभवासाठी.’ आणि मी म्हटलं होतं, वेडी आहेस, मनापासून दे. दोन्ही वाक्यं अर्धी खरी होती.

समितीने सांगितलं, सगळ्यांना पाठासाठी एकच विषय, म्हणजे तुलना करायला सोपं. शिपायाने चिठ्ठी आणून वाचून दाखवली: धोरण-नियमासह गतिमान समग्र मागणी-पुरवठा प्रारूप, मागणीच्या धक्क्याचा अनेक कालखंडांतला माग. मला वाटलं, देव आहे. मी तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे बघत होती. आम्ही दोघीही हसलो नाही.

तिचा क्रमांक माझ्या आधी होता. ती उठली, क्षणभर घुटमळली आणि म्हणाली, ‘मॅडम, पट्टी द्याल?’ मी पट्टी दिली. न द्यायला कारण काय होतं?

त्या खोलीच्या दारावरची खिडकी कायम उघडी असते, गंजून अडकली आहे. मला सगळं ऐकू येत होतं. आधी खडूचा आवाज, मग तिचा. मी डोळे मिटून बसले आणि माझाच तास ऐकला. घाबरू नका, ही एका धक्क्याची गोष्ट आहे. पहिला कालखंड, मागणी उजवीकडे. पट्टी आडवी धरल्याचा टक् असा आवाज. दुसरा कालखंड. जुनी रेषा पुसायची नाही. बँकेने महागाईपेक्षा जास्त का चढवायचं, तर कळप पळायला लागला की राखणाऱ्यानं म्होरं जायचं असतं. आत कुणीतरी मोकळेपणाने हसलं, कुणीतरी ‘वा’ म्हणालं. ते उदाहरण माझ्याइतकंच तिचंही होतं. किंबहुना तिचंच जास्त. मी ते ऐकलेलं, तिने ते रानात पळून शिकलेलं. हे मला तेव्हाही कळत होतं. कळून राग कमी होत नाही.

ती पाचव्या कालखंडाशी आली. आता सहावा. आणि मी, तिची शिक्षिका, त्या बाकावर बसून मनातल्या मनात म्हणत होते, चूक. दोन्ही रेषा मूळ जागी आण. म्हण की सगळं पूर्वीसारखं झालं. एवढं एक वाक्य चुकीचं म्हण. मी आयुष्यात कधी इतक्या तळमळीने काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे.

आत ती थांबली. मला माहीत होतं ती का थांबली. मी तिथेच थांबते.

‘धक्का संपला म्हणजे त्रास संपला असं नाही,’ ती म्हणाली. आणि पुढचं सगळं बरोबर सांगितलं, एक शब्दही न चुकता. उत्पादन नैसर्गिक पातळीच्या खाली, महागाई अजून लक्ष्याच्या वर, म्हणून खरं व्याज चढं. मला त्याही क्षणी अभिमान वाटला. लोक म्हणतात अशा वेळी आनंद आणि दुःख एकत्र होतं. माझं नाही झालं. अभिमान वेगळा वाटला आणि दुःख वेगळं झालं, आणि दोघांची एकमेकांशी ओळखही नव्हती.

ती बाहेर आली, पट्टी माझ्या हातात दिली. पट्टीला रंगीत खडू लागला होता. मी आत गेले.

फळा पुसलेला होता. मी सुरुवात केली, ‘घाबरू नका, ही एका...’ आणि समितीतले विषयतज्ज्ञ, पुण्याहून आलेले, चष्म्यावरून बघत हसले. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाले, ‘मॅडम, हे आत्ताच ऐकलं आम्ही. अगदी असंच.’ मी म्हटलं, हो सर, ती माझी विद्यार्थिनी आहे. ते ‘असं का, छान’ म्हणाले. त्या खोलीत त्या वाक्याचा काही उपयोग नव्हता. कुठलाही उमेदवार असं म्हणू शकतो. मी शिकवत राहिले, पण माझ्या प्रत्येक वाक्याआधी ते वाक्य तिथे येऊन गेलेलं होतं. कळपाचं उदाहरण मी गाळलं. गाळल्यामुळे नियमाचा भाग कोरडा झाला, हे माझं मलाच ऐकू आलं. तिसऱ्या कालखंडाशी त्यांनी हात वर केला. ‘पुरे, मॅडम. एक सांगा. धक्का संपल्यावर अर्थव्यवस्था मूळ जागी यायला किती कालखंड लागतात?’

हाच प्रश्न त्यांनी तिलाही विचारला होता. ती म्हणाली होती, काही कालखंडांत, हळूहळू. त्यांना ते पुरलं होतं.

मी म्हटलं, ‘सर, नेमकं मूळ जागी कधीच येत नाही. प्रत्येक कालखंडात उरलेल्या अंतराचा ठरावीक हिस्सा कापला जातो. पुढच्या वेळी परत उरलेल्याचा तेवढाच हिस्सा. जवळ जवळ जातं. पोचत नाही.’

तज्ज्ञांनी मान डोलावली. उत्तर बरोबर होतं. पण त्यांच्या शेजारी संस्थेचे एक पदाधिकारी बसले होते, ते म्हणाले, ‘म्हणजे पोरांना निराशच करायचं म्हणा की.’ सगळे हसले.

मला गप्प बसता आलं असतं. हसता आलं असतं. माझी जीभ आईकडून आलीय. तीही कुणाला सोडायची नाही. मी म्हणाले, ‘साहेब, मी गणित सांगतेय. आशा शिकवायची असेल तर कीर्तनकार बोलवा.’

त्यानंतर मला फक्त माझी कागदपत्रं विचारली.

घरी आल्यावर आबांनी विचारलं, ‘कसं काय झालं?’ मी म्हटलं, बरं झालं. ते म्हणाले, ‘तुज्या तोंडावरनं तर बैल मेल्यावानी दिसतंय.’ मी चुलीकडे गेले.

निवड तिची झाली. तिनेच फोन केला, आणि बोलण्याआधी इतकी रडली की आधी मला वाटलं घरी काही वाईट झालं. मग पेढे घेऊन सांगवीला आली. आबांच्या पाया पडली. त्यांनी डोक्यावर हात ठेवून भरभरून आशीर्वाद दिला. मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘पोरगी गुनाची हाय. तू शिकवलीस म्हंजी तुजंच झालं की. आन तुजं कुठं काय गेलंय? हुतीस तितं तर हायस.’ आणि शेळ्या सोडायला निघून गेले.

मी चहा ठेवला. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली, पूर्वी बसायची तशी. वेळापत्रक कसं लावलंय ते सांगू लागली. कायम प्राध्यापकाला आठवड्याचे तास पूर्ण भरून द्यावे लागतात. ‘बी.ए.चे तास घेऊनसुद्धा माझा वर्कलोड भरत नव्हता मॅडम, म्हणून प्राचार्यांनी एम.ए.चे दोन्ही पेपर...’

आणि ती थांबली. इतका वेळ बोलता बोलता तिच्या लक्षातच आलं नव्हतं. एम.ए.चे दोन्ही पेपर म्हणजे माझे तास. मलाही तोवर सुचलं नव्हतं, खोटं कशाला सांगू. मी फक्त पद मिळालं नाही असं धरून चालले होते. जाहिरात निघायच्या आधी होते तिथे परत जाईन, पुन्हा दोन दिवस एसटी, पुन्हा तो वर्ग. जी चूक मी वर्षानुवर्षं मुलांच्या उत्तरपत्रिकांत लाल शाईने खोडत आले, तीच चूक मी माझ्या स्वतःच्या बाबतीत केली होती.

‘मॅडम, मी सांगते त्यांना. एक पेपर तुम्हाला ठेवायला सांगते.’

‘नियम आहे तो,’ मी म्हटलं. ‘तुझा कोटा भरल्याशिवाय बाहेरचं माणूस घेता येत नाही. तू सांगून काय होणार?’

तिने चहा घेतला नाही. पेढ्यांचा पुडा ओट्यावर तसाच राहिला. जाताना ती पुन्हा माझ्या पाया पडायला वाकली, आणि मी तिला उठवलं की ढकललं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

नवऱ्याला मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, बारामतीचे तास आहेत ना. आहेत. पहिल्या वर्षाचे, झोपणाऱ्या पोरांचे. तो म्हणाला, येईल परत सगळं जागेवर. मी म्हटलं, हो. त्याला कारखान्यात पाळी होती, फोन ठेवावा लागला. बिऱ्हाडाचं कुणीच काढलं नाही. आबांना मात्र मी काही सांगितलं नाही. कॉलेजं उघडायला वेळ होता, आणि त्यांचं ते ‘हुतीस तितं तर हायस’ मोडायची मला हिंमत झाली नाही. त्या दिवसांत मी रिकामी झाले होते. कामं करायचे, बोलायचे, पण आत काही हलायचं नाही. देवळात गेले नाही, माहेरी गेले नाही. अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलं नाही. पूर्वी कुणी ‘काय स्वस्त झालं’ विचारलं की चिडायचे, आता तीही चीड येईना.

कॉलेजं उघडली. एका दुपारी, मी अंगणात शेंगा फोडत बसले होते, तिचा फोन आला. मागे मुलांचा गलका होता. ‘मॅडम, दोन तासांच्या मधल्या सुट्टीत बोलतेय. सहावा कालखंड घेतला आत्ता. एका मुलानं विचारलं, बँकेनं धक्का संपल्या संपल्या व्याज एकदम उतरवलं, नियम सोडून, तर उत्पादन खाली जाणार नाही ना? मला नीट सांगता आलं नाही.’

चांगला प्रश्न होता. मी शेंगा बाजूला ठेवल्या. म्हटलं, उतरवता येईल, उत्पादन नैसर्गिक पातळीला राखताही येईल. पण मग महागाई तिथेच वर अडकून बसेल, उतरणारच नाही. कारण लोक कालचीच महागाई धरून चालतात. उत्पादन काही काळ खाली राहिल्याशिवाय त्यांच्या अपेक्षा उतरत नाहीत. कुणीतरी ते सोसावं लागतं. तिने विचारलं, ‘आणि ते कुणी सोसायचं, हे प्रारूप सांगतं का?’ मी म्हटलं, नाही, प्रारूपात फक्त एकूण उत्पादन असतं. त्यात माणसं वेगवेगळी दिसत नाहीत.

‘मी हे असंच सांगते मॅडम. तुमच्याच शब्दांत.’

‘सांग,’ मी म्हटलं. ‘आणि जुन्या रेषा पुसू देऊ नकोस.’

‘घंटा झाली, मॅडम,’ ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

आबा शेळीला पाला घालत होते. ‘कुनाचा फोन हुता?’

‘इंदापूरच्या मॅडमचा.’

आबांचा हात पाल्यातच थांबला. ‘इंदापूरच्या मॅडम तर तूच हायस की.’

मी शेंगांचं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. ‘आता नाही, आबा.’

‘म्हंजी? हुतं त्ये बी गेलं?’

‘हो,’ मी म्हटलं.

त्यांनी हातातला पाला शेळीपुढे टाकला. मग माझ्या समोर येऊन बसले आणि माझ्याबरोबर शेंगा फोडू लागले.